एकच किसन, तीन कागद

समजा, केळापूर तालुक्यातली जमिनीच्या दाव्याची फाइल आहे आणि तिच्यातल्या नावांची यादी करायची आहे. सातबाऱ्यावर किसन, खरेदीखतात कृष्णा, पंचनाम्यात किसना. माणूस एक की तीन? नुसत्या नावावर जाऊ नका. त्याच गावात चुलतभाऊही किसन निघतो. वडिलांचं नाव, गाव, गट क्रमांक जुळले, तरच यादीत एक ओळ करा आणि बाकीची रूपं जशी लिहिली आहेत तशीच, 'उर्फ' लावून, पान क्रमांकासह नोंदवा. शंका असेल तर ओळी वेगळ्याच राहू द्या.

गावांचं आणखी अवघड. तालुका केळापूर, मुख्यालय मात्र पांढरकवडा. आणि १९०५ पूर्वीच्या कागदात 'वणी जिल्हा' दिसला, तर तो आजच्या यवतमाळचाच पूर्वज. पुसद मात्र तेव्हा वाशीम जिल्ह्यात होतं.