चिंतेचा आजार, औषध आणि धम्म
(वर्षावासातील प्रवचनमालेत दिलेले भाषण)



आज आम्ही एका चुकीपासून सुरुवात करणार आहोत, आणि ती चूक आमचीच आहे. आपल्या वस्तीत एक ताई आहेत. वय अडतीस, घरी दोन मुले, सासूबाई. त्या ताईंची परवानगी घेऊन, पण नाव न घेता, ही हकिगत सांगतो.

ताईंना रात्री तीनच्या सुमारास एकदम जाग यायची. छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही, आणि आता आपण मरणार असे वाटायचे. तीनदा रिक्षा करून दवाखान्यात नेले. तिन्ही वेळा छातीची पट्टी काढली, ती चांगली आली. "काही झालं नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवले. मग ताईंनी बाजार सोडला. गर्दीत धडधड सुरू झाली तर काय, या धास्तीने रविवारी विहारातही येईनात. कोणी म्हणाले, बाहेरचं आहे. कोणी म्हणाले, मागल्या जन्मीचं कर्म. आणि आम्ही काय सांगितले? "ताई, श्वासावर ध्यान करा. अजून करा."

ताईंनी केले. पण ज्याला श्वास कोंडण्याचीच भीती, त्याने डोळे मिटून श्वासच पाहत बसायचे म्हणजे भीतीच्या दारात बसण्यासारखे झाले. त्रास वाढला. ताईंना वाटले, आपली श्रद्धाच कच्ची. आजाराच्या ओझ्यावर आम्ही अपराधाचे ओझे ठेवले.

म्हणून आम्ही पुन्हा ग्रंथ उघडला. संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात सीवक नावाच्या परिव्राजकाची गोष्ट आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो भगवंतांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, आपले मत काय? भगवंत हे मान्य करीत नाहीत. ते आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात आणि शेवटी कर्मविपाक. आठांत कर्म एक. ही कारणे माणूस स्वतः पाहू शकतो आणि जगालाही ठाऊक आहेत, असे ते म्हणतात. आज आपण पित्त-कफाऐवजी थायरॉईड, रक्तातील कमतरता, मेंदूतील रसायने म्हणू. पण दिशा तीच आहे, कारण शोधा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगारा-धुपारा सोडला. आता अंगाऱ्याच्या जागी आपण सुत्त ठेवले आणि दवाखाना टाळला, तर काय सोडलं?

ताईंना वाट दाखवली ती आपल्याच गल्लीतल्या एका परिचारिका मुलीने. ती म्हणाली, "काका, यांना मनोविकार तज्ज्ञाकडे न्या." जिल्हा रुग्णालयाच्या त्या बाहेर लिहिलेल्या पाटीखाली बसायला ताईंना लाज वाटत होती. सासूबाई शेजारी बसल्या.

डॉक्टरांनी आधी सगळे विचारले. झोप, पाळी, चहा, घरातली भांडणे, आधीचे आजार. थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासले. मग रोजची एक गोळी, थोड्या मात्रेने सुरू केली. त्यांनी बजावले की पहिले काही दिवस मळमळ होईल, कदाचित अस्वस्थताही वाढेल, गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतील, कधी जास्त. झोपेची बारीक गोळी मात्र थोडेच दिवस, कारण तिची सवय लागते. आठव्या दिवशी ताई म्हणाल्या, "गोळी बंद करते." इथेच बरेच जण सोडतात. परिचारिका मुलीने डॉक्टरांना कळवले, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, आणि ते दिवस निघून गेले.

समुपदेशक बाईंनी ताईंना कागदावर एक चक्र काढून दाखवले. धडधड होते, मन म्हणते मरते आहे, त्या भीतीने धडधड आणखी वाढते. हा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. पळून गेले की मनाला कळतच नाही की तो उतरतो. म्हणून आधी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, भीती ओसरेपर्यंत तिथेच उभे राहायचे. मग भाजीवाल्यापर्यंत. मग बहिणीबरोबर बाजारात. ध्यानही सोडले नाही, बदलले. डोळे उघडे ठेवून सावकाश चालायचे, तळपाय जमिनीला टेकतो तिकडे लक्ष. आपल्या परंपरेत चंक्रमण आहेच की!

तीन महिन्यांनी ताई विहारात आल्या, मागच्या दारापाशी बसल्या. आता पुढे बसतात. गोळी वर्षभर चालली, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली. स्वतःच्या मनाने एकदम बंद केली असती तर चक्कर, बेचैनी आणि आजार उलटण्याची भीती होती.

विनयाच्या महावग्गात आजारी भिक्खूची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तो अतिसाराने घाणीत पडला होता, भगवंतांनी आनंदासह त्याला धुतले. त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. त्यात औषध तयार करता येणे आहे, पथ्य-कुपथ्य कळणे आहे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे आहे, घाणीची किळस नसणे आहे, आणि पाचवा गुण धम्मकथेने धीर देणे. पाहा, औषध आणि धम्मकथा एकाच यादीत आहेत. दोघांत भांडण लावले ते आम्ही. आणि रुग्णाच्या गुणांत औषध घेणे व आपला त्रास आहे तसा सांगणे, हेही तिथे मोजले आहे.

म्हणून विहाराचे काम काय? आजार ओळखणे डॉक्टरांकडे. आम्ही मात्र "कर्माचं फळ" असे बोलू नये, सोबत जावे, गोळी चालू आहे का विचारावे. कोणी दीर्घ ध्यान शिबिराला निघाले तर अर्जात आजार आणि औषध लपवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

दोन गोष्टी विसरू नका. छातीत पहिल्यांदाच दुखले तर चिंता समजून घरी थांबू नका, आधी दवाखाना गाठा. आणि कोणी "जगण्यात अर्थ नाही" असे बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी न्या. रात्री-अपरात्री बोलायला शासनाची टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून, मोफत.

त्या ताईंची आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या बाईला लवकर सांगा, म्हणजे झालं." म्हणून आज सांगितले.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!