सॉसची बाटली फिरवून पाहा

सॉस घेताना बाटली आधी फिरवा.
मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते.

वजनाने जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला.

समजा, लिहिलंय: पाणी, साखर, टोमॅटो पेस्ट, मीठ.
म्हणजे पेस्टपेक्षा साखर जास्त!
पेस्ट आटवलेली असते, तेवढी सूट द्या.
पण आधी क्रम पाहा.

पुढे १४२२ हा आकडा दिसेल.
तो प्रक्रिया केलेला स्टार्च.
त्याला परवानगी आहे.
मात्र त्याने येणारा दाटपणा टोमॅटोचा नव्हे.

आता साखर.
पोषणतक्त्यात ‘अ‍ॅडेड शुगर’ शोधा.
तिथे १०० ग्रॅममागे २५ असेल,
तर पाव भाग साखरच.
भज्यांबरोबर मुलं चमचाभरावर थांबतात थोडीच!