कलम जिवंत आहे का, आधी बघा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटात अर्ज लिहायचं काम आता बरंच वाढलंय. कुणाला भावाला नोटीस द्यायची असते, कुणाला ग्रामपंचायतीत वारसनोंद लावायची असते, कुणाला पोलिसांत तक्रार द्यायची असते. अर्ज वजनदार व्हावा म्हणून आपण त्यात कायद्याचं कलम घालतो. हे कलम येतं कुठून? कपाटातल्या जुन्या पुस्तिकेतून, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून. आणि समोरच्यानं सांगितलेलं कलम तर आपण तपासतच नाही, खाली मान घालून घरी येतो.

आज एकच कलम घेऊ आणि ते शेवटपर्यंत तपासू. ते आहे हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 23.

समजा, एका ताईचे वडील 2012 मध्ये वारले. गावठाणात त्यांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं घर आहे. मृत्युपत्र केलेलं नाही. मागं आई, दोन भाऊ आणि ही ताई. भाऊ त्याच घरात राहतात. ताई हिस्सा मागायला गेली तर गावातला एक जाणता माणूस पुस्तक उघडून दाखवतो, "हे बघ, कलम 23. राहतं घर बहिणीला वाटून मागता येत नाही. भाऊ जेव्हा आपसात वाटणी करतील तेव्हाच तुला हिस्सा. आणि राहायचा हक्क म्हणशील तर तोही फक्त बिनलग्नाच्या, टाकलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नाहीतर विधवा मुलीला."

तो माणूस खोटं बोलत नाही. कलम 23 मध्ये अगदी हेच लिहिलेलं होतं. पण "होतं" आणि "आहे" यात या ताईचा चौथा हिस्सा अडकलाय. म्हणून आता मोबाईल काढा.

सरकारची एक वेबसाईट आहे, `indiacode.nic.in`. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथं ठेवलेले असतात. पत्ता नीट बघून टाका. शेवटी `.nic.in` किंवा `.gov.in` असेल तरच ती सरकारी. कायद्याची माहिती देणाऱ्या खासगी साईट पुष्कळ आहेत, पण त्यांनी मजकूर कधी बदलला याचा भरवसा नसतो.

शोधायच्या चौकटीत `Hindu Succession Act` असं टाका. त्या नावाचे एकापेक्षा जास्त कायदे दिसू शकतात. आपल्याला 1956 चा पाहिजे. तो उघडला की वरती कायद्याची कुंडली दिसते. त्यात दोन तारखा वेगळ्या ओळखा. `Enactment Date` म्हणजे कायदा झाला ती तारीख, आणि `Enforcement Date` म्हणजे तो लागू झाला ती तारीख. दोन्ही एकच असतील असं नाही. आपल्या कामाची दुसरी.

त्याच्या खाली कलमांची यादी असते. 23 वर बोट ठेवा. आता तिथं मजकूरच नाही! मथळा आहे आणि पुढं `Omitted` असा शब्द आहे, `39 of 2005` आहे आणि `w.e.f. 9-9-2005` आहे. इंग्रजी येत नसलं तरी हे चार-पाच शब्द कुंकवाच्या डबीवरच्या नावासारखे ओळखता आले पाहिजेत. `Omitted` म्हणजे कलम काढून टाकलं. `Subs.` म्हणजे जुनं काढून त्या जागी नवं घातलं. `Ins.` म्हणजे नव्यानं घातलं. `39 of 2005` म्हणजे 2005 सालच्या 39 क्रमांकाच्या कायद्यानं हा बदल केला. आणि `w.e.f.` च्या पुढची तारीख म्हणजे बदल लागू झाला तो दिवस. बहुतेक वेळा हे शब्द कलमाच्या खाली बारीक अक्षरातल्या टीपेत असतात. आपण टीप वाचत नाही, आणि नेमकं तिथंच सगळं असतं.

म्हणजे कलम 23 हे 9 सप्टेंबर 2005 ला गेलं. ताईचे वडील 2012 ला वारले, तेव्हा ते कलम कायद्यात नव्हतंच. मृत्युपत्र नसल्यामुळं आई, दोन भाऊ आणि ताई, चौघांना सारखा हिस्सा. घराची वाटणी मागायला भावांच्या मर्जीची वाट बघायची गरज नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. 1956 चा कायदा रद्द झालेला नाही, तो चालूच आहे. फक्त त्यातलं एक कलम गेलंय. म्हणून "कायदा चालू आहे का?" एवढं विचारून भागत नाही, "हे कलम चालू आहे का?" असं विचारावं लागतं. झाड उभं असतं, फांदी वाळलेली असते.

कधी अख्खं झाडच जातं. नवऱ्याच्या छळाच्या तक्रारीत आपण वर्षानुवर्षं "भादंवि कलम 498-अ" लिहीत आलो. भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 पासून रद्द झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ तिथं कलम 85 मध्ये आहे, आणि छळ कशाला म्हणायचं ते कलम 86 मध्ये. पण एखाद्या ताईला मारहाण 2023 मध्ये झालेली असेल, तर त्या घटनेला जुनीच संहिता लागते. म्हणून आधी घटनेची तारीख लिहा, आणि मग त्या दिवशी कोणतं कलम चालू होतं ते बघा. आजची तारीख बघून कलम टाकाल तर चुकेल.

आता एक फसवी जागा सांगते, कारण या ठिकाणी शिकलेली माणसंसुद्धा अडखळतात. आपल्या ताईला वाटलं, 2005 चा तो 39 नंबरचा सुधारणा कायदाच शोधून काढावा. शोधला, तर तो 2015 मध्ये रद्द झालेला निघाला! आता भाऊ म्हणेल, "बघ, तुझा हक्क देणारा कायदाच रद्द झाला."

तसं नाही. डाळीत मीठ टाकलं की मिठाची रिकामी पुडी आपण फेकून देतो. पुडी फेकली म्हणून डाळ आळणी होते का? सुधारणा कायद्याचं काम मूळ कायद्यात बदल घालायचं. ते 2005 मध्येच झालं. नंतर सरकार अशा काम संपलेल्या कायद्यांची साफसफाई करतं. 2015 ला तेच झालं. साफसफाईच्या कायद्यातच लिहिलेलं असतं की आधी मूळ कायद्यात मिसळलेला बदल तसाच राहील. म्हणून सुधारणा कायदा चालू आहे का ते बघत बसू नका. मूळ कायदा उघडा आणि त्यात आज काय लिहिलंय ते वाचा.

वेबसाईट काय सांगत नाही, तेही बघू. घर वडिलांच्या कमाईचं होतं म्हणून सोपं गेलं. वडिलोपार्जित शेती असेल तर कलम 6 लागतं. ते उघडलं तर टीपेत `Subs.` दिसेल, तारीख तीच, 9-9-2005. नव्या कलमात मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार आहे. पण महाराष्ट्रात 1994 चा राज्याचा बदल होता. त्यात 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना तो हक्क नव्हता. मराठीतल्या जुन्या पुस्तिकांत अजून तेच छापलेलं सापडतं. 2005 च्या कलमात लग्नाची अशी अट नाही. मग दुसरा वाद निघाला, की 2005 ला वडील हयात नसतील तर काय? कलमात याचं सरळ उत्तर नव्हतं. ते सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात दिलं. हक्क जन्मानं आहे, त्यामुळं त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी कायदेशीर वाटणी किंवा विक्री झालेली असेल, तर ती उकरता येत नाही.

म्हणजे कलमाचे शब्द वेबसाईटवर मिळतात, पण कोर्टानं त्यांचा अर्थ कसा लावला ते तिथं मिळत नाही. त्यासाठी वकिलाला विचारावंच लागतं. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा.

अजून एक. कलम शोधायच्या आधी त्याच कायद्याचं कलम 2 वाचा. कायदा कुणाला लागू आहे ते तिथं असतं. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. मुस्लिम भगिनींना लागत नाही. अनुसूचित जमातींनाही केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय लागत नाही, म्हणजे आपल्या कळमनुरी-औंढा भागातल्या आंध समाजाच्या बायांचा अर्ज या कलमावर लिहू नका. त्यांच्यासाठी आधी वकिलाशी बोला.

राज्याच्या कायद्याचं, म्हणजे ग्रामपंचायत, दारूबंदी, जमीन महसूल यांचं कलम असेल, तर `lj.maharashtra.gov.in` ही राज्याच्या विधी व न्याय विभागाची साईटही बघा. आणि बदल अगदी ताजा असेल तर दोन्हीकडं तो चढायला वेळ लागू शकतो. केंद्राच्या कायद्याचं राजपत्र `egazette.gov.in` वर निघतं. तिथं छापलं ते पक्कं.

आता ताईच्या नोटिशीत ओळ कशी येईल ते ऐका आणि वहीत उतरवून घ्या:

"वडील दि. … 2012 रोजी मृत्युपत्र न करता वारले. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 8 व 10 प्रमाणे माझा चौथा हिस्सा आहे. राहत्या घराच्या वाटणीला अडसर असलेले कलम 23 हे 2005 च्या अधिनियम क्रमांक 39 ने दि. 9-9-2005 पासून वगळण्यात आले आहे."

खाली गटाच्या प्रतीवर पेनानं लिहा: कोणत्या साईटवर बघितलं, कोणत्या तारखेला बघितलं, कुणी बघितलं. सहा महिन्यांनी तोच मजकूर दुसऱ्या ताईसाठी वापरायचा झाला, तर ती तारीख बघून पुन्हा एकदा साईट उघडा. आणि कपाटातल्या त्या जुन्या पुस्तिकेत कलम 23 वर आजच आडवी रेघ मारून बाजूला 9-9-2005 लिहून ठेवा.