एका बोटाचा निषाद

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात हार्मोनियम आणि गिटारवरील प्रात्यक्षिकासह दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

श्रोत्यांमध्ये काकू बसल्या आहेत आणि त्यांच्याशेजारी गिटार घेऊन आमचा तरुण मित्र बसला आहे. दोघांची परवानगी घेऊनच आम्ही हा विषय काढतो आहोत, कारण गेल्या वर्षी तालमीत या दोघांची जी खडाजंगी झाली, तीच आजच्या बोलण्याचं निमित्त आहे.

काकू पटदीपमधलं एक नाट्यपद बसवत होत्या. पट्टी पांढरी सहा. गिटारवाल्याने विचारलं, "काकू, तुमचा सा म्हणजे ए, आणि गंधार कोमल. म्हणजे ए मायनर ना?" ते बरोबरच होतं. त्याने पुस्तकातल्या ए मायनर स्केलच्या कॉर्ड लावल्या. बाकी ठीक चाललं, पण काकू शेवटी निषादावरून षड्जावर यायच्या, त्या जागी दर वेळी काहीतरी कचकन लागायचं. काकू म्हणाल्या, "अरे, तुझं वाद्य उतरलंय." तो म्हणाला, "काकू, माझं वाद्य बरोबर आहे. तुम्ही जो निषाद लावता, तो या स्केलमध्ये नाहीच." पस्तीस वर्षं गाणाऱ्या बाईंना कुणी असं म्हटल्यावर काय होणार? काकूंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मी यंदा गात नाही."

गंमत अशी, की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. गिटार सुरात होती आणि काकूही सुरात होत्या. चुकत होतं ते एक बोट. ते कसं, हे हार्मोनियमवर पाहू.

पांढरी सहा षड्ज धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता सरळ पांढऱ्यांवरून वरच्या षड्जापर्यंत जा. सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी, सां. आपण याला आसावरी थाट म्हणतो. पाश्चात्य संगीतात हाच नॅचरल मायनर. पुस्तकात मायनर स्केल म्हणून सगळ्यांत आधी हाच दिलेला असतो आणि आमच्या मित्राने तोच धरला होता.

आता फक्त शेवटचे दोन सूर ऐका: कोमल नी, सां. या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक काळी आहे, म्हणजे अंतर पूर्ण एका स्वराचं. आता कोमल नी सोडून ती मधली काळी चार वाजवू: शुद्ध नी, सां. फरक कानाला लगेच कळतो. मध्य सप्तकातल्या आकड्यांत सांगायचं तर षड्ज 440 कंपनांचा असेल, तर कोमल निषाद साधारण 392 चा आणि शुद्ध निषाद साधारण 415 चा. कोमल निषाद दूर, आपल्या जागी स्वस्थ बसलेला असतो. त्याच्यावरून वर सा घ्यावा, खाली ध घ्यावा किंवा तिथेच थांबावं, काहीही चालतं. शुद्ध निषाद मात्र षड्जाच्या उंबऱ्यावर उभा असतो. तिथे गाणं थांबवलं, तर ऐकणाराच मनात सा म्हणून टाकतो. षड्जाकडे असं ओढून नेणाऱ्या या सुराला पाश्चात्य संगीतात लीडिंग टोन म्हणतात. मेजर स्केलमध्ये, म्हणजे आपल्या बिलावलात, तो मुळातच असतो. मायनरमध्ये तो नसतो, म्हणून निषाद अर्ध्या स्वराने चढवून मुद्दाम आणावा लागतो.

पण 'आणावा लागतो' असं का? आपल्या भीमपलासीत कोमल निषाद आहे आणि भीमपलासी ऐकताना काही अडल्यासारखं वाटत नाही. याचं उत्तर मागे चाललेल्या तंबोऱ्यात आहे. तंबोरा षड्ज अखंड ऐकवत असतो, त्यामुळे घर कुठे आहे हे कुणालाही पुन्हा सांगावं लागत नाही. कॉर्डच्या संगीतात पायाखालची जमीन सारखी बदलते. आत्ता षड्जावरची कॉर्ड, मग मध्यमावरची, मग पंचमावरची. एवढं फिरून आल्यावर 'आता घरी पोहोचलो' हे ठासून सांगावं लागतं. ते काम पंचमावरची कॉर्ड करते.

ही कॉर्ड प, नी आणि रे या तीन सुरांची. निषाद कोमल ठेवला, तर ती ई मायनर होते आणि शुद्ध केला, तर ई मेजर. त्यात मध्यम मिसळला की ई सेव्हन. खरी ओढ कुठून येते, ते इथे दिसतं. मध्यम आणि कोमल निषाद एकत्र वाजवा. जोडी अगदी समाधानी वाटते, तिला कुठे जायची घाई नाही. आता मध्यम आणि शुद्ध निषाद एकत्र वाजवा. बरोबर तीन पूर्ण स्वरांचं हे अंतर कानाला अस्वस्थ करतं. आणि ही अस्वस्थता मिटते कशी? निषाद अर्धा स्वर वर सरकून षड्जावर जातो आणि मध्यम एक स्वर खाली उतरून कोमल गंधारावर येतो. सा आणि कोमल ग ही तर ए मायनरचीच ओळख. दोन सूर दोन दिशांनी सरकतात आणि नेमके घरात येऊन बसतात. कोमल निषादाने हे घडत नाही.

म्हणूनच मायनरमध्ये निषाद चढवून जो स्केल तयार होतो, त्याला हार्मोनिक मायनर म्हणतात. हार्मनी म्हणजे कॉर्डची बांधणी. ती पक्की व्हावी म्हणून केलेला हा बदल आहे. आपल्याकडे हेच सूर किरवाणीत आहेत. कर्नाटक पद्धतीत तो एकविसावा मेळ आहे आणि तिकडूनच तो आपल्याकडे आला. भातखंड्यांच्या दहा थाटांत मात्र तो कुठेच बसत नाही. संगीताच्या परीक्षा दिलेल्यांनी जरा आठवून पाहावं.

आता एक नवी अडचण येते. निषाद वर सरकला, पण धैवत कोमलच राहिला. त्यामुळे कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यात तीन अर्ध्या स्वरांची फट पडली. ही फट म्हणजेच किरवाणीची खास चव आहे आणि आपल्याला ती आवडते. जुन्या युरोपीय समूहगायनात मात्र तिथे उडी मारताना आवाज घसरायचे आणि ती चालही कानाला विचित्र वाटायची. त्यावर उपाय असा, की वर जाताना धैवतही शुद्ध करायचा. प, ध, नी, सां अशा सरळ पायऱ्या झाल्या. खाली येताना षड्ज गाठायचाच नसतो, मग ओढीची गरज काय? म्हणून उतरताना दोन्ही सूर पुन्हा कोमल. हाच मेलडिक मायनर. तो चालीच्या सोयीचा आहे.

गिटार शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाताखालून बाखचं एक बूरे जातं, ल्यूटच्या ई मायनर स्वीटमधलं. त्याच्या पहिल्याच वाक्यात हे सगळं सापडतं. ई ला षड्ज धरला, तर चाल पंचमावरून शुद्ध ध, शुद्ध नी, सां अशी चढते आणि लगेच कोमल नी, कोमल ध, प, म, ग अशी उतरते. (इथे ते वाजवून दाखवलं.) म्हणजे हे तीन वेगळे स्केल पाठ करण्यापेक्षा असं लक्षात ठेवावं, की मायनर एकच आहे आणि त्यातले ध आणि नी हे दोन सूर कामाप्रमाणे जागा बदलतात. हा नियम पुस्तकांच्या आधी गळ्यात होता. मध्ययुगाच्या उत्तरार्धातले चर्चमधले गायक शेवटाच्या जागी हा सूर कागदावर तसा लिहिलेला नसतानाही चढवून गायचे.

आता काकूंकडे परत येऊ. भीमपलासीच्या आरोहात नी सा ग म प नी सां, पटदीपच्या आरोहातही तेच. अवरोहात दोन्हींत शुद्ध धैवत आणि शुद्ध रिषभ. सुरांपुरता फरक एकच: भीमपलासीचा निषाद कोमल, पटदीपचा शुद्ध. भातखंडे पद्धतीत पटदीप काफी थाटात घालतात, पण काफीचा निषाद कोमल. तेव्हा थाटाच्या नावावरून कॉर्ड लावणाराही इथे फसला असता. पटदीपचे सूर चढत्या मेलडिक मायनरचे आहेत आणि उतरतानाही ते तसेच राहतात.

काकू शुद्ध निषाद लावत होत्या आणि त्याच क्षणी गिटार ई मायनर, म्हणजे कोमल निषाद वाजवत होती. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यासारखं ते ऐकू येत होतं. गिटारवर ई मायनर दोन बोटांची. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर आणखी एक बोट ठेवलं की ई मेजर. ते बोट म्हणजेच काकूंचा शुद्ध निषाद. आणि चौथ्या तारेवरचं बोट उचललं की ती तार मोकळी होऊन मध्यम वाजतो आणि ई सेव्हन तयार होते. त्या दिवशी त्याने तेवढंच केलं. काकू निषादावर आल्या, कॉर्डही निषादावर आली आणि दोघं एकाच वेळी षड्जावर उतरले. काकूंनी वही उघडली.

पुढच्या तालमीत त्याने उत्साहाने भीमपलासीलाही ई सेव्हन लावली आणि तीच कचकच पुन्हा झाली, या वेळी उलट बाजूने. तिथे ई मायनर हवी किंवा नुसता सा आणि प. मध्यमावरच्या कॉर्डलाही हेच लागू आहे. पटदीप आणि भीमपलासीत धैवत शुद्ध, म्हणून डी मेजर. किरवाणीत कोमल, म्हणून डी मायनर. तेव्हा साथ करणाऱ्या सगळ्यांना आमचं सांगणं एवढंच, की गंधार कोमल दिसला म्हणून मायनरचं पान उघडून मोकळं होऊ नका. गाणाऱ्याला आधी विचारा, "काकू, निषाद कोणता? आणि धैवत?" पान त्यानंतर उघडा.

आता काकू तेच पद म्हणतील आणि गिटारही साथीला आहे. शेवटच्या निषादाकडे लक्ष ठेवा.