रागाचा संदेश आणि कारणे दाखवा नोटीस
(लघुउद्योजकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

लहान कारखान्यात मालक व कामगार रोज एकमेकांच्या समोर असतात. कामगार न सांगता गैरहजर राहिला की मालकाचा राग मोबाईलवरील संदेशातून बाहेर पडतो. पुढे वाद निर्माण झाला तर हाच संदेश कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मालकाविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो.

फोंडा तालुक्यातील सहा कामगारांचा फर्निचरचा कारखाना उदाहरणादाखल घ्यावा. तेथील सुतार ९ जून २०२५, सोमवारपासून कामावर आला नाही. १८ जून रोजी मालकाने त्यास लिहिले : "आठवडा उलटला, तुझा पत्ता नाही. फोन उचलत नाहीस. तू दुसरीकडे कामाला लागलास, मला ठाऊक आहे. गेल्या वर्षीही असाच गायब झाला होतास. तुझ्या आळसामुळे माझी ऑर्डर गेली. आता येऊच नकोस. पगारही मिळणार नाही."

या संदेशाचे नोटिशीत रूपांतर करावयाचे म्हणजे केवळ भाषा सौम्य करावयाची नव्हे. प्रत्येक वाक्य निराळे काढून तपासावे लागते. पहिली दोन वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. ती तारखांसह ठेवावयाची. दुसरीकडे काम धरल्याची गोष्ट हा तर्क आहे. पुरावा नसल्याने ती गळते. गेल्या वर्षीच्या गैरहजेरीचा आधार घ्यावयाचा असेल तर हजेरीपटातील तारखा द्याव्यात, नाही तर उल्लेख टाळावा. आळस हा शेरा आहे, तर ऑर्डर गेल्याचा प्रश्न वेगळा आहे.

खरा धोका शेवटच्या दोन वाक्यांत आहे. "येऊच नकोस" या शब्दांनी गैरहजर कामगार हा काढून टाकलेला कामगार ठरू शकतो. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात आपल्याला प्रवेशद्वारावरच अडविण्यात आले, असे कामगाराचे म्हणणे होते. आठ दिवसांहून अधिक गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपली, अशी कंपनीची भूमिका होती. बाजू मांडण्याची संधी न देता केलेली ही कारवाई सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली रद्द केली आणि निम्म्या मागील वेतनासह कामगारास कामावर घेण्याचा आदेश दिला. पगाराबाबत म्हणावयाचे तर गैरहजेरीच्या दिवसांपुरतीच कपात करता येते. केलेल्या कामाचे वेतन अडविता येत नाही.

म्हणून १९ जून रोजी द्यावयाची नोटीस अशी असावी :

"श्री. (पूर्ण नाव व पत्ता), सुतार, यांस —

विषय : विनापरवानगी गैरहजेरीबाबत कारणे दाखवा नोटीस.

आपण दि. ९ जून २०२५ पासून आजपर्यंत रजेचा अर्ज न करता व कोणतीही सूचना न देता कामावर गैरहजर आहात. दि. ११ व १३ जून रोजी आपल्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता तो होऊ शकला नाही. या गैरहजेरीबद्दल आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावा. आजारपण अथवा अन्य अडचण असल्यास तसे कळवून उपलब्ध कागदपत्रे जोडावीत. आपण कामावर रुजू होऊ शकता. दि. १८ जून रोजीच्या संदेशाने आपली सेवा समाप्त केलेली नाही. त्यातील 'येऊच नकोस' व वेतनाविषयीचे शब्द मागे घेण्यात येत आहेत. आपण केलेल्या कामाचे वेतन नेहमीच्या दिवशी देण्यात येईल. मुदतीत खुलासा न आल्यास उपलब्ध नोंदींच्या आधारे पुढील चौकशी करण्यात येईल."

मोबाईलवरील संदेश पुसून टाकला तरी त्याची प्रत कामगाराजवळ राहते. म्हणून तो संदेश नाकारण्याऐवजी नोटिशीतच उघडपणे मागे घेतला आहे. नोटीस कामगारास वाचता येईल त्या भाषेत लिहावी. स्थानिक व मूळ गावच्या अशा दोन्ही पत्त्यांवर ती स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. पाकीट परत आले तर ते न फोडता फाईलला लावावे.

खुलासा आला की तो वाचूनच निर्णय करावा. सुतार रुग्णालयात होता असे कागदपत्रांवरून दिसले, तर रजा मंजूर करून प्रकरण मिटविता येते. कृष्णकांत परमार प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गैरहजेरी हेतुपुरस्सर असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येत नाही. खुलासा न आला तरी नोकरी आपोआप संपत नाही. चौकशीची तारीख कळवून त्यास पुन्हा बोलवावे लागते. 'का करण्यात येऊ नये' हा नोटिशीतील प्रश्न खरोखरीचा असला पाहिजे. उत्तर येण्यापूर्वीच त्या जागी दुसरा सुतार कायम नेमला, तर निर्णय आधीच झाला होता असे दिसते आणि उत्तम भाषेतील नोटीसही निरुपयोगी ठरते.