मयताचे नाव काय?

आज एकाच खुनाबद्दल बोलायचं आहे. तो खून दोन कादंबऱ्यांत झालेला आहे. पहिलीत मारणारा बोलतो. दुसरीत मेलेल्याचा भाऊ बोलतो.

पहिली कादंबरी आल्बेर कामूची, १९४२ची. इंग्रजीत ती 'द स्ट्रेंजर' किंवा 'द आउटसायडर' या नावाने मिळते. तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात वाचली असेल. मीही तेव्हाच वाचली होती, आणि त्या वयात भारावूनही गेलो होतो. अल्जिअर्समधला मरसो नावाचा फ्रेंच कारकून दुपारी समुद्रकिनाऱ्यावर, डोक्यावर ऊन तळपत असताना एका अरबाला गोळी घालतो. आधी एक, मग जरा थांबून पडलेल्या देहावर आणखी चार. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात खटला चालतो आणि मरसोला मृत्युदंड होतो.

निवृत्तीनंतर मी ती परत वाचली. मधल्या काळात काही कोर्ट ऑफ इन्क्वायरींमध्ये बसणं झालं होतं, त्यामुळे या वेळी माझं लक्ष तत्त्वज्ञानाकडे गेलंच नाही. ते कागदपत्रांकडे गेलं. आमच्याकडे मृत्यूची चौकशी उघडली की पहिल्याच ओळीत मयताचा नंबर, हुद्दा आणि नाव येतं. ते नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. मी मरसोच्या खटल्यात मयताचं नाव शोधू लागलो. ते नाही. कुठेच नाही.

मग साक्षीदारांची यादी काढली. मरसोची आई ज्या वृद्धाश्रमात वारली तिथला संचालक, तिथला पहारेकरी, आईचा म्हातारा स्नेही पेरेझ, खाणावळीचा मालक सेलेस्त, मैत्रीण मारी, मित्र मासाँ, शेजारी सालामानो आणि शेवटी रेमों, ज्याच्या भानगडीतून हे सगळं घडलं तो. आता यात कोण नाही ते बघा. मयताचे नातेवाईक नाहीत. किनाऱ्यावर त्याच्यासोबत असलेला दुसरा अरब नाही, म्हणजे भांडणाचा डोळ्यांदेखतचा साक्षीदारच नाही. ज्या बाईवरून भांडण पेटलं तीही नाही. सरकारी वकिलाचा सगळा भर कशावर, तर हा माणूस आईच्या अंत्यविधीला रडला नाही, वर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेला, यावर. फ्रेंच राजवटीतल्या अल्जिरियात एका युरोपियनाला अरबाच्या खुनासाठी देहदंड व्हावा आणि खटल्यात अरबाचं नावही निघू नये, हे माझ्या विशीत मला अजिबात खटकलं नव्हतं. एडवर्ड सईद यांनी १९९३ साली 'कल्चर अँड इम्पिरिअलिझम'मध्ये कामूच्या या आंधळ्या जागेवर नेमकं बोट ठेवलं होतं. मला मात्र तिथे पोचायला सेवानिवृत्ती घ्यावी लागली!

आता दुसरी कादंबरी. कामेल दाऊद हे तेव्हा अल्जिरियातल्या ओरान शहरात पत्रकार होते. त्यांचं पुस्तक २०१३ साली आधी अल्जिरियात आणि मग फ्रान्समध्ये निघालं. इंग्रजीत त्याचं नाव 'द मरसो इन्व्हेस्टिगेशन'. पहिल्या कादंबरीसाठी दिला जाणारा गोंकूर पुरस्कार त्याला २०१५ मध्ये मिळाला. ओरानच्या एका बारमध्ये हारून नावाचा म्हातारा रोज संध्याकाळी एका विद्यार्थ्याला आपली कहाणी ऐकवतो. मेलेल्या अरबाचा हा धाकटा भाऊ. दाऊद यांच्या जगात खून करणारा आणि पुस्तक लिहिणारा हे दोघे एकच आहेत. हारूनची तक्रार साधी आहे. या पुस्तकात अरब हा शब्द पंचवीस वेळा येतो, पण माझ्या भावाचं नाव एकदाही नाही. ते नाव होतं मुसा.

इथे मराठी वाचक म्हणेल, यात नवीन ते काय, आम्ही 'मृत्युंजय' वाचलंय. खरं आहे, मूळ कथेतल्या डावललेल्या माणसाला बोलतं करणं आपल्याला परकं नाही. पण फरक आहे. कर्णाला व्यासांनीच नाव दिलंय, जन्मकथा दिलीय, मरणाचा प्रसंग दिलाय. शिवाजी सावंतांना हातात धरायला खूप काही होतं. मुसाच्या वाट्याला मूळ पुस्तकात फक्त एक देह आहे, आणि तोही कुठे गेला हे कळत नाही. नाव, घर, आई, सगळं दाऊद यांना बाहेरून आणावं लागलं.

अशा कादंबऱ्या बहुधा एका ठिकाणी फसतात. बाजू उलटवली, पीडिताला निष्पाप ठरवलं, की लेखक हात झटकून मोकळा होतो. मग पुस्तक म्हणजे वकिलाचं उत्तर होतं. दाऊद यांनी हे टाळलं, आणि ते कसं टाळलं हेच मला सांगायचं आहे.

जुलै १९६२. अल्जिरिया ५ जुलैला स्वतंत्र झाला. त्यानंतर काही दिवसांतच एका रात्री दोन वाजता हारून जोझेफ नावाच्या एका फ्रेंच माणसाला गोळी घालतो. आई पाठीशी उभी असते. मुसा दुपारी दोनला मेला होता, हा रात्री दोनला. तिथे ऊन होतं, इथे चांदणं आहे. जोझेफचा मुसाच्या मृत्यूशी काडीचाही संबंध नाही. तो फ्रेंच आहे, एवढंच. म्हणजे हारूनने नेमकं तेच केलं जे मरसोने केलं होतं.

त्याला पकडतात. मुक्तिसेनेचा एक अधिकारी चौकशी करतो. त्याचा आक्षेप माणूस मारल्याबद्दल नसतोच. तू आमच्यासोबत लढायला का आला नाहीस आणि हे काम ५ जुलैच्या आधी का केलं नाहीस, एवढाच त्याचा मुद्दा. आठवडाभर आधी मारलं असतं तर ते स्वातंत्र्ययुद्ध झालं असतं. मरसोला आईसाठी न रडल्याबद्दल दोषी धरलं, हारूनला चुकीच्या तारखेबद्दल. दोन्हीकडे मेलेला माणूस बाजूलाच. अखेरीस हारूनला सोडून देतात. हा प्रसंग वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. गणवेशातला माणूस म्हणून त्या अधिकाऱ्याचा तर्क मला पूर्ण कळत होता, आणि त्याचाच त्रास झाला.

शेवटी मरसो जसा पाद्र्यावर भडकतो तसा हारून आजच्या अल्जिरियातल्या धर्मगुरूंवर भडकतो. त्याची किंमत लेखकाला चुकवावी लागली. डिसेंबर २०१४ मध्ये एका इमामाने फेसबुकवरून दाऊद यांना मृत्युदंड द्यावा अशी मागणी केली. जे पुस्तक वसाहतवाल्यांना जाब विचारायला निघालं होतं, त्याच्यावर घरातूनच फतवा आला.

आणखी एक गोष्ट. अमेरिकन अभ्यासक ॲलिस कॅप्लन यांनी कामूच्या कादंबरीमागची घटना हुडकली. १९३९ मध्ये ओरानजवळच्या एका किनाऱ्यावर कामूच्या ओळखीच्या माणसांचं एका अरब तरुणाशी भांडण झालं होतं. कोणी मेलं नाही. पण स्थानिक फ्रेंच वर्तमानपत्राने त्या तरुणाचं नाव छापलं होतं. म्हणजे वसाहतीतल्या बातमीदाराने जे लिहिलं, ते कादंबरीकाराने गाळलं. ते मुद्दाम असेल, मरसोचं जगच तसं आहे हे दाखवण्यासाठी असेल. माझं मत असं की मरसोपुरतं हे पटतं, पण संपूर्ण न्यायालयाबद्दल नाही.

आणि दाऊद यांचं काही राहिलं का? राहिलं. ज्या बाईवरून सगळं सुरू झालं, ती. कामूच्या पुस्तकात रेमों तिचं नाव मरसोला सांगतो, त्या नावावरूनच ती अरब आहे हे मरसोला कळतं, पण ते नाव वाचकाला मिळत नाही. तिला धडा शिकवायचं ठरतं आणि त्यासाठी पत्र लिहून देतो मरसोच. मूळ पुस्तकात मेलेला माणूस तिचा भाऊ आहे. हारूनला याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, आम्हाला बहीण नव्हतीच. घराण्याची अब्रू राखायला त्याने तिला एका वाक्यात पुसून टाकलं. तेव्हा दोन कादंबऱ्या झाल्या, एकीला सत्तर वर्षांनी उत्तर मिळालं, आणि ती बाई मात्र बाजूलाच राहिली.