ठसका थांबला, दाणा कुठे गेला?



दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात शेंगदाणा तोडू शकतात. पण तो बारीक करण्याइतक्या दाढा त्याला नसतात. तोंडात दाणा असताना मूल हसले, रडले वा धावले, की जोराच्या श्वासाबरोबर तो श्वासनलिकेत ओढला जातो.

एक उदाहरण घेऊ. वीस महिन्यांचा मुलगा दाणे खाता खाता एकाएकी गुदमरतो. चेहरा निळसर पडतो, खोकल्याची उबळ येते. काही मिनिटांत खोकला शमतो आणि मूल खेळू लागते. दाणा पोटात गेला, असे समजून घरचे निश्चिंत होतात. वस्तुतः तो श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत अडकलेला असतो. तेथील अस्तर त्याच्या स्पर्शाला सरावले, म्हणून खोकला थांबलेला असतो.

तिसऱ्या दिवशी श्वास सोडताना शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागतो. दाणा ओलाव्याने फुगलेला असतो, त्याच्या तेलाने अस्तर सुजलेले असते. श्वास घेताना नळी किंचित रुंदावते आणि हवा आत शिरते. सोडताना ती आवळते आणि हवा आतच कोंडते. दमा समजून वाफेतून औषध दिले, तरी उतार पडत नाही. तपासताना आवाज मुख्यतः एकाच बाजूला ऐकू येतो. क्ष-किरण चित्रात दाणा सहसा उमटत नाही. फार तर ते फुप्फुस अधिक फुगलेले दिसते. म्हणून चित्र निर्दोष आले, तरी शंका फिटत नाही. अशा वेळी ‘परवा दाणे खाताना ठसका लागला होता’ हे आईचे एक वाक्य निदानाची दिशा बदलते.

दाणा काढण्यासाठी मुलाला पूर्ण भूल देतात. तोंडावाटे एक ताठ, पोकळ नळी श्वासनलिकेत उतरवतात. हीच ब्राँकोस्कोपी. त्याच नळीतून प्राणवायू चालू राहतो आणि दुर्बिणीतून दाणा दिसतो. चिमट्याने तो अलगद धरावा लागतो; जोर पडला तर तुकडे होऊन दुसऱ्या शाखेत जाऊ शकतात. अखंड दाणा नळीतून निघत नाही, म्हणून त्याला नळीच्या टोकाशी आणून नळी, चिमटा आणि दाणा एकत्रच बाहेर काढतात. नंतर नळी पुन्हा घालून दोन्ही बाजूंना तुकडा उरला नाही ना, हे पाहतात. येथे पोट वा छाती उघडावी लागत नाही. मात्र विलंब झाला तर सूज आणि न्यूमोनियामुळे हेच काम अवघड होते.

गुदमरलेले मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताने पाच थापा माराव्यात आणि तातडीने मदत बोलवावी. न दिसणारा दाणा बोटाने चाचपू नये. तो अधिक आत जातो. आणि ठसका आपोआप थांबला, तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा देऊच नये. कूट करून द्यावा.